‘शरण जा’ नव्हे, ‘कैफियत दाखल करा’

मुरबाडकडच्या एका गावातून आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या सप्टेंबरमध्ये शहापूरला आमच्या घरी आला. सोबत त्याची अम्मी होती आणि हातात इटलीचे तिकीट लावलेला जाड लिफाफा होता. हा मुलगा दोन वर्षे इटलीतल्या एका गोदामात रीतसर परवान्यावर कामाला होता. दोन महिने पगार झाला नाही आणि त्यातच अब्बा आजारी पडले, म्हणून तो काम सोडून परत आला. आता तिथल्या कोर्टाचे कागद आले होते. त्याच्याबरोबर तिकडे राहिलेल्या एका मित्राने ते चाळले आणि ‘कोस्तितुइर्सी’ या शब्दावर बोट ठेवून सांगितले, “याचा अर्थ पोलिसांना शरण जा.” घरात रडारड झाली. अम्मींनी आम्हाला पहिला प्रश्न केला, “सर, याला इथून पकडून नेतील का?”

मित्र खोटे बोलत नव्हता. इटलीच्या रस्त्यावर त्या शब्दाचा तसाही अर्थ होतो. दिवाणी कोर्टाच्या कागदात मात्र त्याचा अर्थ ‘दाव्यात रीतसर हजर होणे’ एवढाच आहे. तेही स्वतः जाऊन उभे राहून नव्हे, तर वकिलामार्फत लेखी उत्तर दाखल करून.

आम्हाला इटालियन येत नाही. मुंबईतल्या एका इटालियन अनुवादिकेबरोबर बसून आम्ही एकेक ओळ लावली. आमचे काम होते तो मजकूर घरच्यांना कळेल अशा मराठीत आणणे. तेव्हा ध्यानात आले की, नेमके शब्द आपल्या शहापूर-मुरबाडच्या कोर्टात आधीपासून आहेत, आणि त्यातले बरेचसे आपल्या उर्दूच्या घरातलेच आहेत.

लिफाफ्यात दोन कागद एकत्र टाचलेले होते. पहिला ‘रिकोर्सो’, म्हणजे कंपनीचा दावा अर्ज. नोटीस न देता काम सोडले, म्हणून नोटीस काळाचे 3200 युरो द्या, अशी मागणी त्यात होती. दुसरा न्यायाधीशाचा ‘देक्रेतो’, म्हणजे सुनावणीची तारीख नेमणारा हुकूम: 25 नोव्हेंबर 2025. मथळ्यावर ‘सेझिओने लावोरो’ होते, म्हणजे कामगार विभाग. म्हणजे मामला फौजदारी नव्हता. अटकेचा प्रश्न तिथेच संपला.

पुढचे शब्द शब्दकोशातून पाहिले असते तर भलतेच झाले असते. ‘मेमोरिया दिफेन्सीवा’ म्हणजे बचावाची आठवण नव्हे. ती लेखी कैफियत. उर्दूत कैफियत म्हणजे हालत, पण मराठी कोर्टात प्रतिवादीचे लेखी म्हणणे म्हणजे कैफियत, आणि इथे हाच शब्द चपखल बसतो. ‘कान्चेल्लेरीया’चा बाजारातला अर्थ वह्या-पेनांचे सामान, कागदात तो कोर्टाचे दफ्तर, जिथे कैफियत द्यायची. ‘प्रोकुरा’ म्हणजे वकालतनामा. ‘देकादेन्झा’चा साधा अर्थ ऱ्हास, इथे त्याचा अर्थ मुदत चुकल्यामुळे हक्क जाणे. सगळ्यात जड शब्द हाच.

आता तारखेचे गणित. घरच्यांनी 25 नोव्हेंबरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. पण खरी तारीख ती नव्हतीच. इटलीच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 416 प्रमाणे कामगार दाव्यात प्रतिवादीने सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी कैफियत द्यावी लागते. 25 तारीख सोडून मागे दहा मोजले की 15 नोव्हेंबर येते. तो शनिवार होता. उलट मोजायच्या मुदतीचा शेवट शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आला तर ती पुढे सोमवारवर जात नाही, मागे सरकते. म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार, 14 नोव्हेंबर. आम्ही कॅलेंडरवर 14 ला लाल गोल केला.

त्या दिवसापर्यंत नुसते ‘मला हे मान्य नाही’ लिहून भागत नाही. कोणते साक्षीदार, कोणते कागद, कोणते आक्षेप, सगळे त्याच कैफियतीत यावे लागते. नंतर आणलेला कागद सहसा घेतला जात नाही. पगार थकल्यामुळे कामगार नोटीस न देता काम सोडू शकतो, हे तिथला कायदा मानतो. पण पगार आला नाही हे दाखवणारा बँकेचा उतारा आणि मुकादमाशी झालेले मोबाइलवरचे संदेश 14 च्या आत वकिलाकडे हवेत. थकलेला पगार कंपनीकडून उलट मागायचा तर तो उलट दावाही त्याच कैफियतीत मांडावा लागतो, आणि सुनावणीची तारीख नव्याने नेमावी अशी विनंतीही त्यातच करावी लागते. ही विनंती राहिली तर त्या दाव्यात उलट मागणी चालत नाही.

गप्प बसलो तर? कागदात ‘कोन्तुमाचे’ हा शब्द होता, म्हणजे गैरहजर पक्षकार. इटलीत गैरहजेरी ही कबुली धरत नाहीत. पण खटला थांबत नाही, आणि न्यायाधीशापुढे फक्त मालकाचे कागद राहतात.

एक गोष्ट लिफाफ्याने सांगितली. कागद 12 सप्टेंबरला साध्या रजिस्टर पोस्टाने, इंग्रजी तर्जुम्याविना आले होते. परदेशी कोर्टाचे कागद बजावण्याच्या 1965 च्या हेग करारात भारत आहे. भारताने थेट टपालाने बजावणीला हरकत नोंदवली आहे. कागद दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत आणि इंग्रजीत किंवा इंग्रजी तर्जुम्यासह यावे लागतात. परदेशात बजावणी असेल तर ती आणि सुनावणी यांच्यात किमान 40 दिवस हवेत. इथे होते 74, म्हणजे ती अडचण नव्हती. पण टपालाच्या त्या चुकीमुळे आम्ही म्हटले, लिफाफा टाकू नका, पोस्टाचा शिक्का जपा. पण बजावणी चुकीची म्हणून उत्तर द्यायचे नाही, हे घरी बसून ठरवू नका. तो आक्षेप वकिलाने घ्यायचा असतो.

वकील करण्यात सगळ्यात जास्त दिवस गेले. इतक्या रकमेच्या दाव्यात वकिलाशिवाय चालत नाही. ज्याचे उत्पन्न कमी आहे आणि जो वादाच्या वेळी इटलीत कायदेशीर राहत होता, त्याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. अर्ज तिथल्या वकील संघटनेकडे करावा लागतो. इथून सही केलेल्या वकालतनाम्याला मात्र इटलीतला वकील स्वतः साक्षांकन देऊ शकत नाही, कारण ती सही इटलीत झालेली नसते. म्हणून नोटरीसमोर सही, तिच्यावर अपोस्टिल आणि इटालियन तर्जुमा, अशी फेरी करावी लागली. मूळ कागद कुरियरने गेला तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता.

आमचा मराठी तर्जुमा फक्त समजण्यासाठी होता. कोर्टाला तो चालत नाही आणि आम्ही तो दिलाही नाही. वकिलाला पाठवली ती दोन्ही मूळ कागदांची सगळी पाने, पाठपोट, लिफाफ्यासह. आणि पहिल्या पानावरचा दावा क्रमांक, जो ‘आर. जी.’ या अक्षरांपुढे असतो. त्याच क्रमांकावरून वकिलाला दफ्तरातली फाइल सापडते.

कैफियत 13 नोव्हेंबरला दाखल झाली, एक दिवस हाती ठेवून. उलट दावा असल्याने न्यायाधीशांनी सुनावणी पुढे नेली. निकाल अजून लागलेला नाही. त्या दिवशी अम्मींचा फोन आला. त्यांनी विचारले, “सर, आता पुढची तारीख कुठली?” आम्ही सांगितले, “तारीख विचारू नका, अम्मी. त्या तारखेआधी काय द्यायचे आहे ते विचारा.”