चौकट स्क्रीनवर ओढली होती, जमिनीवर नव्हे

काही दिवसांपूर्वी एका स्ट्रॅटेजी खेळात मी माझ्या चोवीस धनुर्धाऱ्यांभोवती माउसने चौकट ओढली आणि माघारीचा हुकूम दिला. अठरा मागे फिरले. सहा जण जागच्या जागी उभे राहिले आणि मेले. खेळ बनवणाऱ्यांकडे तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘चौकट थोडी मोठी ओढत जा.’ हे उत्तर देणाऱ्याला आपल्या खेळात काय बिघडलंय ते कळलेलं नाही, आणि जाणून घ्यायचीही इच्छा नाही. दोष माझ्या हाताचा नव्हता, त्यांच्या गणिताचा होता. असाच कोड मी स्वतः बरीच वर्षं लिहीत आलोय, म्हणून हे ठणकावून सांगतो.

तोच प्रसंग मी पुन्हा मांडला. चौकट डावीकडे वरून उजवीकडे खाली ओढली की लांबच्या रांगेतले उजवीकडचे सैनिक सुटायचे. तीच चौकट, त्याच जागी, उजवीकडे वरून डावीकडे खाली ओढली की लांबच्या रांगेतले डावीकडचे सुटायचे. स्क्रीनवर दिसणारा आयत दोन्ही वेळा एकच. एकाच आयताची दोन उत्तरं येतात म्हणजे आत काय चाललंय हे कोड न उघडताही कळतं. माउस जिथे दाबला आणि जिथे सोडला, त्या दोनच बिंदूंतून कॅमेऱ्याचे किरण जमिनीवर सोडले आहेत. ते जिथे टेकले त्या दोन जागा समोरासमोरचे कोपरे मानून जमिनीवर एक सरळ आयत आखला आहे, आणि त्या आयतात जे युनिट सापडलं ते निवडलं आहे.

कॅमेरा आकाशातून सरळ खाली बघत असता तर हे चाललं असतं. पण या खेळांतला कॅमेरा तिरका असतो. अंगणात उभं राहून टॉर्च तिरका धरा. पायाशी उजेड अरुंद पडतो आणि लांब जाता जाता पसरतो. स्क्रीनवरच्या आयताचंही जमिनीवर तेच होतं. तो समलंब चौकोन होतो, जवळची बाजू आखूड आणि लांबची बाजू रुंद.

आकडे घालून बघू. कॅमेरा जमिनीपासून २० मीटर उंच, क्षितिजापासून ५० अंश खाली झुकलेला, उभा दृश्यकोन ६० अंश आणि स्क्रीन १६:९. स्क्रीनची खालची कड कॅमेऱ्यापासून सुमारे साडेतीन मीटर पुढच्या जमिनीवर पडते आणि तिथे ३६ मीटर रुंदी दिसते. वरची कड ५५ मीटरवर पडते आणि तिथे १०४ मीटर रुंदी दिसते. आता डावीकडे वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खालच्या कोपऱ्यापर्यंत अख्खी स्क्रीन चौकटीत घ्या. पहिला किरण मध्यरेषेच्या डावीकडे ५२ मीटरवर टेकतो, दुसरा उजवीकडे फक्त १८ मीटरवर. जमिनीवरचा आयत झाला डावीकडे ५२ ते उजवीकडे १८. लांबच्या रांगेत, ५० मीटर पुढे आणि ३० मीटर उजवीकडे उभा असलेला सैनिक स्क्रीनवर ठळक दिसतो, चौकटीच्या पार आत आहे, तरी या हिशेबात तो बाहेर. उलट १० मीटर पुढे आणि ४० मीटर डावीकडे विहीर खणणारा गडी स्क्रीनवर दिसतच नाही, कारण त्या अंतरावर डावीकडे जेमतेम २२ मीटर दिसतात. तो मात्र निवडला जातो आणि फावडं टाकून लढाईला धावतो. सुटलेले सैनिक खेळाडूला निदान दिसतात. न दिसता पळवून नेलेला हा गडी त्याला दहा मिनिटांनी, काम अर्धवट पडलेलं पाहून कळतो.

आणि हे फक्त सपाट जमिनीचं झालं. उडणाऱ्या युनिटांची दशा याहून वाईट आहे. याच कॅमेऱ्यासमोर २० मीटर पुढे, ८ मीटर उंचीवर विमान असेल, तर स्क्रीनवर ते ३३ मीटरवरच्या जमिनीवर असल्यासारखं दिसतं. खेळाडू जिथे दिसतं तिथेच चौकट ओढणार. किरण विमानाच्या मागच्या जमिनीवर टेकणार. विमानाची खरी जागा त्या आयताच्या दहा-बारा मीटर अलीकडे राहणार. नेमकी, घट्ट चौकट ओढणाऱ्या खेळाडूला अशा खेळात विमान हाती लागतच नाही.

ही सवय आली कुठून, तेही मला ठाऊक आहे. १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’सारख्या खेळात सगळी चित्रं सपाट होती. स्क्रीनवरच्या जागेत नकाशाची सरक मिळवली की नकाशावरची जागा मिळायची, आणि दोन कोपरे पुरायचे. खऱ्या त्रिमितीतला कॅमेरा आल्यावर तो हिशेब संपला. तरी लोक तोच लिहितात, सपाट चाचणी-नकाशावर मधोमध चार ठोकळे ठेवून बघतात, आणि ‘चालतंय’ म्हणून मोकळे होतात. मधोमध चूक सगळ्यात कमी असते, म्हणून तिथे ती लपते. ही हलगर्जी आहे. तिला दुसरं नाव देऊ नये.

खरा उपाय ओळखायला एकच प्रश्न पुरतो: खेळाडूने चौकट कशावर ओढली? स्क्रीनवर. मग तुलनाही स्क्रीनवरच करा. चौकट जमिनीवर नेऊ नका, युनिट स्क्रीनवर आणा. युनिटीमध्ये ते एवढंच आहे:

```csharp
Vector3 p = cam.WorldToScreenPoint(unit.position);
if (p.z > 0 && box.Contains(p)) selected.Add(unit);
```

`p.z > 0` ही अट गाळू नका. कॅमेऱ्याच्या पाठीमागचा बिंदूही स्क्रीनवरची कुठली तरी जागा सांगतो, आणि ती अट नसेल तर पाठीमागची युनिटं चौकटीत शिरतात. `box` बनवताना दोन टोकांतला लहान आकडा सुरुवात म्हणून घ्या, नाहीतर उलटं ओढल्यावर रुंदी ऋण होते आणि `Contains` काहीच सापडू देत नाही. `unit.position` बहुधा पायाशी असते. धिप्पाड युनिटासाठी छातीचा बिंदू घ्या, किंवा त्याच्या वेढ्याचे आठही कोपरे स्क्रीनवर आणून त्यांना वेढणारा आयत तपासा. ‘झीरो एडी’ या खुल्या खेळातही युनिटाची जागा स्क्रीनवर आणूनच चौकटीशी ताडली जाते. तो कोड कुणालाही वाचता येतो.

‘शेकडो युनिटं प्रत्येक वेळी स्क्रीनवर आणणं जड जाईल’ ही सबब मी बैठकीत ऐकली आहे. एका बिंदूला मॅट्रिक्सचे सोळा गुणाकार आणि शेवटी भागाकार. पाचशे युनिटांचे आठ हजार गुणाकार, तेही माउस सोडल्यावर एकदाच. ज्या यंत्रावर खेळ सेकंदाला साठ वेळा अख्खं रणांगण रंगवतो, त्याला याचं ओझं होत नाही. ही सबब देणाऱ्याने मोजलेलं नसतं.

तुम्ही असा खेळ बनवत असाल तर आज एक काम करा. कॅमेरा तिरका ठेवा, स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांजवळ एकेक सैनिक उभा करा, आणि सगळ्यांभोवती तीच चौकट चारही दिशांनी ओढा. चारही वेळा चार सैनिक निवडले गेले नाहीत, तर खेळ विकायला काढू नका.