डिजिटल प्लॅनर विकायचाय? आधी लिंका मोजा, रंग नंतर

डिजिटल प्लॅनरच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न होता, "सर, डिझाइन कुठून घ्यायचं?" माझं मत थोडं वेगळं आहे. प्लॅनर डिझाइनवर विकला जात असेल, पण टिकतो लिंकांवर. बोट लावल्यावर बरोबर पान उघडलं नाही, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पैसे परत मागतं. म्हणून आज रंग, स्टिकर, फुलं सगळं बाजूला ठेवू आणि फक्त लिंकांचं बोलू.

नारायण पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डिसेंबरात फिरून बघा. छापील डायऱ्यांचे ढीग लागलेले असतात. त्या भावात आणि त्या कागदात आपण त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही, आणि करायचीही नाही. शिवाय अर्ध्या लोकांना बँकेची नाहीतर एजन्सीची डायरी फुकट मिळते. मग टॅबलेटवरच्या पीडीएफसाठी कोणी पैसे का द्यावेत? एकाच कारणासाठी: ऑक्टोबरातून थेट 20 जानेवारीच्या पानावर दोन टिचक्यांत जाता येतं म्हणून. जुन्या व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावणीत नोंदीसमोर पान नंबर लिहायची पद्धत होती, म्हणजे कीर्दीतून खतावणीचं पान चटकन सापडायचं. लिंक म्हणजे तोच पान नंबर, फक्त पान उलटायचं काम टॅबलेट करतो.

जानेवारी नको, एप्रिल घ्या

जानेवारी ते डिसेंबरचे प्लॅनर इंटरनेटवर पोत्याने मिळतात, तेही फुकट. आपला गिऱ्हाईक कोण आहे? लक्ष्मी रोडवरचा दुकानदार, घरून डबे देणाऱ्या ताई, क्लासवाले. यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. म्हणून उदाहरणाला आपण एप्रिल 2027 ते मार्च 2028 असा आर्थिक वर्षाचा प्लॅनर घेऊ. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी 11 आणि 20 तारखेच्या चौकटीत जीएसटीची छोटी खूण आधीच छापून द्या. सरकार मुदत कधीकधी पुढे ढकलतं, म्हणून "मुदत बदलू शकते" एवढी ओळ खाली टाका.

आता पानं मोजू. पान 1 वर्षाचं. पान 2 ते 13 बारा महिन्यांची. त्यानंतर रोजचं एक पान. रोजची पानं किती? बरेच जण पटकन 365 म्हणतील. पण फेब्रुवारी 2028 हा 29 दिवसांचा आहे आणि तो आपल्या आर्थिक वर्षात येतो. म्हणजे 366. एकूण पानं 379. हे एक पान विसरलं तर 29 फेब्रुवारीला लिहायला जागाच नाही आणि संपूर्ण मार्च एका पानाने सरकतो. आर्थिक वर्षाचा प्लॅनर करताना लीप वर्ष पुढच्या कॅलेंडर वर्षात बघायचं असतं, हे लक्षात ठेवा.

कुठली लिंक हवी, कुठली नको

प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला बारा महिन्यांचे टॅब आणि वर एक "वर्ष" असं बटण. महिन्याच्या पानावर प्रत्येक तारखेची चौकट त्या दिवसाच्या पानाला जोडलेली. बस. "मागचा दिवस", "पुढचा दिवस" असे बाण मी मुद्दाम टाळायला सांगतो. पुढच्या पानावर जायला लोक बोटानेच सरकवतात. त्या बाणांच्या सातशेच्या वर लिंका होतात, आणि जितक्या लिंका तितक्या चुकण्याच्या जागा. "सगळं देऊन टाकू" या मोहात पहिला प्लॅनर कधी पूर्णच होत नाही.

आपल्या यादीत टॅबच्या आणि वर्षाच्या मिळून 13 लिंका एकदाच करायच्या, बाकी पानांवर त्या कॉपी होतात. तारखांच्या 366 मात्र एकेक कराव्या लागतात. म्हणजे हाताने करायचं काम 379 लिंकांचं. हे दोन दुपारी बसून होण्यासारखं आहे.

पॉवरपॉइंटमध्ये क्रम असा

विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये पानाचा आकार 28 × 21 सेंमी घ्या. हे 4:3 प्रमाण बऱ्याच आयपॅडच्या स्क्रीनला जवळजवळ बसतं. अँड्रॉइड टॅबलेट जास्त लांबट असतात, तिथे कडेला थोडी पट्टी उरते, चालतं.

आधी फक्त 13 पानं करा, वर्ष आणि बारा महिने. मग पहिल्या पानावर टॅबचे बारा चौकोन आणि "वर्ष" बटण काढा. प्रत्येकाला `Insert > Link > Place in This Document` मधून त्याचं पान द्या. इथे एक बारीक गोष्ट आहे: लिंक चौकोनाला द्यायची, आतल्या अक्षरांना नाही. अक्षरांना दिली तर त्यांच्याखाली रेघ येते आणि बोट नेमकं अक्षरावरच पडलं तर लिंक लागते. चौकोनाची कड निवडून मग लिंक द्या. झालं की हे तेरा चौकोन उरलेल्या बारा पानांवर कॉपी-पेस्ट करा. लिंका सोबत जातात.

आता एप्रिलचं एक रोजचं पान बनवा, एप्रिलचा टॅब गडद रंगाचा, आणि त्याच्या 29 प्रती काढा. मग मे, मग जून, असं मार्चपर्यंत. तारीख मात्र साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहू नका, स्लाइडच्या शीर्षकाच्या जागेत लिहा. का? लिंक देताना जी यादी उघडते तिच्यात शीर्षकं दिसतात. शीर्षकात "15 ऑगस्ट 2027, रविवार" असेल तर तेच यादीत दिसतं. नाहीतर "Slide 150" असे 379 आकडे दिसतात आणि बोट हमखास चुकतं.

शेवटी महिन्याच्या पानांवर तारखांच्या लिंका. इथे पॉवरपॉइंटचं टेबल वापरू नका. टेबलाच्या घराला लिंक लागत नाही, फक्त आतल्या आकड्याला लागते. त्यापेक्षा प्रत्येक तारखेसाठी वेगळा चौकोन काढा.

पीडीएफ काढताना `File > Export > Create PDF/XPS Document` हाच रस्ता. "Microsoft Print to PDF" वर प्रिंट दिलं तर पानं छान दिसतात पण एकही लिंक उरत नाही, कारण प्रिंटर म्हणजे कागद, आणि कागदाला लिंक नसते. ऑनलाइन डिझाइन साधन वापरणार असाल तर एका फाइलमध्ये किती पानं चालतात ते आधी बघा. दोन फाइली करून नंतर जोडल्या तर एका फाइलमधून दुसऱ्या फाइलच्या पानावर लिंक देताच येत नाही.

मराठीसाठी युनिकोड फॉन्ट घ्या. पेठेतल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून आणला तर छपाईला तो उत्तम दिसतो, पण तो फॉन्ट जिथे नाही तिथे उघडलात की "ऑगस्ट"च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं येतात, आणि पीडीएफमध्ये शोधलं तर सापडत नाही. गूगल फॉन्ट्सवरचा मुक्ता खुल्या परवान्याचा आहे, विक्रीच्या पीडीएफमध्ये वापरता येतो.

तपासणी: अंदाजाने नाही, आकड्याने

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. "दोन-चार लिंका दाबून बघितल्या, चालतायत" ही तपासणी नव्हे. आपल्या प्लॅनरमध्ये प्रत्येक तारखेचा पान नंबर आधीच ठरलेला आहे. एक्सेलमध्ये असं लिहा:

```
=DATE(2027,8,15)-DATE(2027,4,1)+14
```

उत्तर 150 येतं (तारीख दिसली तर त्या घराचं फॉरमॅट General करा). म्हणजे ऑगस्टच्या पानावर 15 दाबलं की 150 नंबरचं पान उघडलं पाहिजे. असंच 1 एप्रिलला 14, 1 मार्चला 349 आणि 31 मार्चला 379. पीडीएफची एकूण पानंही 379च दिसली पाहिजेत, ती पहिली तपासणी.

आणि चूक दिसली तर ती कशाची हे ओळखा. एकच तारीख भलतीकडे जात असेल तर लिंक देताना यादीत चुकीची ओळ निवडली गेलीय, तेवढी दुरुस्त करा. पण एका तारखेनंतरच्या सगळ्या तारखा आकड्याने एक पान पुढे किंवा मागे असतील, तर एखादं रोजचं पान दोनदा आलंय किंवा गळलंय. तेव्हा लिंकांना हात लावू नका, पान शोधा. पॉवरपॉइंटमधली लिंक स्लाइडच्या नंबराला नाही, त्या स्लाइडलाच बांधलेली असते. म्हणून जादा पान काढलं की बाकीच्या लिंका तशाच बरोबर राहतात. फक्त जे पान काढताय त्यालाच लिंक दिलेली नाही ना, एवढं बघा.

शेवटी तपासणी लॅपटॉपवर नाही, टॅबलेटवर करा, गिऱ्हाईक जे अ‍ॅप वापरणार त्याच्यातच. गुडनोट्समध्ये लिहिण्याचा मोड चालू असताना साध्या टिचकीने लिंक उघडत नाही, आधी वाचण्याचा मोड लावावा लागतो. अँड्रॉइडवरच्या काही नोट्स अ‍ॅपमध्ये पीडीएफच्या लिंका चालतात, काहींत नाही. म्हणून विक्रीच्या पानावर "सगळीकडे चालतं" असं कधीच लिहू नका. ज्या दोन-तीन अ‍ॅपमध्ये तुम्ही स्वतः तपासलंय त्यांचीच नावं लिहा. आणि प्लॅनरच्या पहिल्याच पानावर मराठीत एक ओळ टाका: "लिंक उघडण्यासाठी पेनचा मोड बंद करा." "लिंक चालत नाही" म्हणून येणारे बरेचसे मेसेज या एका ओळीने थांबतात.

या आठवड्याचं काम: पूर्ण प्लॅनर करू नका. वर्षाचं पान, बारा महिने आणि फक्त एप्रिलचे 30 दिवस, म्हणजे 43 पानं करा आणि ओळखीच्या दोन दुकानदारांना आठ दिवस वापरायला द्या. त्यांनी कुठे बोट लावलं आणि काय उघडलं नाही, ते खाली कमेंटमध्ये लिहा. उरलेले अकरा महिने त्यानंतर.