हिटलरला बहुमत कधी मिळालंच नाही, मग तो सत्तेवर आला कसा?

मे 1928. जर्मनीत निवडणूक झाली आणि नाझी पक्षाला मतं मिळाली फक्त 2.6 टक्के. संसदेत 12 जागा. बर्लिनमध्ये कुणी त्यांना फारसं गांभीर्यानं घेत नव्हतं. पण पुढच्या पाच वर्षांच्या आत या पक्षाचा नेता अॅडॉल्फ हिटलर देशाचा चॅन्सलर झाला.

या काळात नेमकं काय घडलं?

महागाई नव्हे, बेकारी

अनेकदा उत्तर दिलं जातं ते महागाईचं. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरसाठी 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरंच. मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत त्यात बुडाली आणि सरकारवरचा विश्वासही. पण हे संकट त्याच वर्षाच्या अखेरीस आवरलं. त्यानंतर चार-पाच वर्षं परिस्थिती बरी होती, आणि 1928 ची ती 2.6 टक्के मतं याच बऱ्या दिवसांतली आहेत.

अडचण अशी होती की हे बरे दिवस बरेचसे अमेरिकी कर्जावर उभे होते. ऑक्टोबर 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि कर्जाचा ओघ आटला. कारखाने बंद पडू लागले. 1932 च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे 60 लाख लोक बेकार होते.

मग या बेकारांनीच हिटलरला निवडलं का? पूर्णपणे नाही. शहरांतले बरेच बेकार कामगार कम्युनिस्टांकडे वळले. नाझींना विशेष जोर मिळाला तो प्रोटेस्टंट ग्रामीण भागातून आणि छोट्या शहरांतून. कर्जबाजारी शेतकरी, छोटे दुकानदार, कारागीर. यांची नोकरी गेली नव्हती, पण आता आपली पाळी येणार ही धास्ती होती. ज्या जुन्या पक्षांना ते मतं देत होते, त्यांच्याकडे उत्तर उरलं नव्हतं.

संसद रिकामी होत गेली

बेकारी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही होती. तिथे लोकशाही टिकली. जर्मनीत फरक पडला तो इथे.

मार्च 1930 मध्ये बेकारी विम्याच्या वर्गणीवरून आघाडी सरकार कोसळलं. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हाइनरिश ब्रूनिंग यांना चॅन्सलर केलं. ब्रूनिंग यांच्याकडे बहुमत नव्हतं. पण राज्यघटनेच्या कलम 48 नुसार राष्ट्राध्यक्ष आणीबाणीत संसदेला वगळून अध्यादेश काढू शकत होते. ब्रूनिंग यांनी तोच मार्ग धरला. अध्यादेशांनी पगार कापले, कर वाढवले, मदत कमी केली. मंदीत लोकांच्या हातातला पैसा आणखी घटला.

आकडे पाहा. 1930 मध्ये संसदेनं 98 कायदे केले, अध्यादेश निघाले 5. 1932 मध्ये कायदे 5 आणि अध्यादेश 66. म्हणजे हिटलर येण्याआधीच संसदेविना कारभार करण्याची सवय लागली होती.

या दोन वर्षांत नाझींची मतं 18.3 टक्क्यांवर (सप्टेंबर 1930) आणि मग 37.3 टक्क्यांवर (जुलै 1932) गेली.

उतरणीला लागलेल्या पक्षाला सत्ता

नोव्हेंबर 1932 मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि नाझी 33.1 टक्क्यांवर घसरले. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांची मतं मिळून त्यांच्याहून जास्त होती. पण हे दोन पक्ष एकमेकांना शत्रू मानत होते. कम्युनिस्ट तर सोशल डेमोक्रॅटांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणत.

निर्णय झाला तो बंद दाराआड. माजी चॅन्सलर फ्रांझ फॉन पापेन आणि त्यांच्या उजव्या वर्तुळाला हिटलरचा जनाधार हवा होता, लगाम मात्र स्वतःच्या हातात ठेवायचा होता. 30 जानेवारी 1933 रोजी हिटलर चॅन्सलर झाला. मंत्रिमंडळात त्याच्याशिवाय नाझी फक्त दोन, बाकीचे बहुतेक पारंपरिक उजवे. तो आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब महिनाभरही टिकला नाही. 27 फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी भाषण, सभा आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य स्थगित झालं, तेही त्याच कलम 48 खाली. 23 मार्चला संसदेनं कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला. बाजूनं 444 मतं, विरोधात 94. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅटांची होती. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं.

मंदीनं नाझींना एक तृतीयांश मतं मिळवून दिली. उरलेलं अंतर त्यांनी मतांच्या जोरावर कापलं नाही. ते कापून दिलं वापरून गुळगुळीत झालेल्या आणीबाणीच्या कलमानं, एकत्र न आलेल्या विरोधकांनी, आणि हिटलरला वापरून घेऊ म्हणणाऱ्या मूठभर माणसांनी.