काम निघालं की आठवण निघते

आपल्या लग्नघरात आहेराची वही घेऊन एकजण बसलेला असतो. नाव, गाव, रुपये. पुढं त्या घरी कार्य निघालं की हीच वही उघडून आकडा बघतात, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. निपाणीकडं शेतात पैरा चालतो, तेही तसंच. आज माझ्या रानात तुझी बैलं, परवा तुझ्या रानात माझी. हिशेब तोंडी, पण पक्का. पैऱ्याला बोलवायला आलेला माणूस "तुझी लई आठवण येत होती" असं म्हणत नाही. "उद्या बैलं लागत्यात" म्हणतो, चहा पितो आणि जातो.

म्हणजे माझी तक्रार मागण्याबद्दल नाही. मागितल्याशिवाय कुणाचं चालत नाही. प्रश्न आहे तो नेहमी मागणीचा हात धरूनच येणाऱ्या मायेचा.

माझ्याकडं स्कूटी आहे, त्यामुळं या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे! 2023 साली माझ्या दोन मैत्रिणी दर शनिवारी निपाणीकडं घरी जायच्या. दोघींनाही मी बेळगावच्या बसस्टँडवर सोडायची. पहिलीचे मेसेज गोड असायचे. "राणी, जेवलीस काय गं?" आणि पाठोपाठ, "चार वाजता सोडतीस काय?" पन्नास रुपये हवे असले की मी "यार" असायची, पाचशे हवे असले की "माझी गुणाची". एकदा सहज मागचे तीन महिने वर सरकवत बघितले. तिनं आपणहून सुरू केलेली बोलणी सतरा होती. त्यांतल्या पंधरांत दहा मिनिटांच्या आत काहीतरी मागणं होतं. उरली दोन. एक माझ्या वाढदिवसाचं, दुसरं दुसऱ्याच कुणाला पाठवायचं ते चुकून मला आलेलं.

दुसरीनं माझ्याकडून घेतलेल्या फेऱ्या जवळपास तितक्याच. पण तिच्या मेसेजांत बिनकामाचा कचराही भरपूर होता. मांजराचा फोटो, मेसच्या आमटीला शिव्या, मध्येच "तुझ्या आज्जीचा गुडघा कसा हाय?"

मग 11 जून 2023 ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, शहरातल्या बसचाही. दोघींची स्कूटीची गरज एकाच आठवड्यात संपली. अशी परीक्षा ठरवून घेता येत नाही, ती आपोआप झाली. "राणी, जेवलीस काय" हे विचारणं पहिलीच्या शनिवारांतून गेलं. अधूनमधून पाचशेची "गुणाची" तेवढी उरली. मांजराचे फोटो चालूच राहिले.

कुणी म्हणेल, मैत्रीत असले हिशेब बरे न्हवेत. बरोबरच आहे. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये याबद्दल प्रयोग प्रसिद्ध केले होते. ज्याच्याशी जवळीक हवीशी वाटते, त्यानं मदतीची लगेच परतफेड केली तर तो उलट कमी आवडतो, असं त्यांना दिसलं. व्यवहाराच्या ओळखीत मात्र तीच परतफेड आवडते. म्हणून दिलेले पैसे आणि फेऱ्या मोजू नयेत, असं मला वाटतं. दुसरीच्या फेऱ्या मोजल्या असत्या तर दोघी सारख्याच निघाल्या असत्या. मोजायचंच तर ते माणूस काही नको असताना किती वेळा आलं, एवढं मोजावं.

इथं एक अडचण आहे. आपल्या भागात एकदम मागणं उद्धटपणाचं समजतात. "ऊटा आतेन्री?" विचारल्याशिवाय कानडी शेजारीण कामाचं बोलत नाही, आणि आपणही "काय म्हणतंय घर?" करत करतच मुद्द्यावर येतो. शिवाय ज्याच्या घरी खरीच ओढाताण आहे, त्याला वरचेवर मागावं लागतं, आणि लाजेपोटी शब्द जरा जास्तच गोड होतात. अशा माणसाला लबाड ठरवणं हा अन्याय होईल. नुसत्या गोडव्यावरून म्हणून काही कळत नाही. कळतं ते "नाही" म्हटल्यानंतर. एकदा खरंच जमत नसताना "आज जमणार नाही गं" म्हणावं आणि तीन-चार दिवस बघावं. लाजून मागणारी परत बोलते, कधी जास्तच मायेनं बोलते. पहिलीनं मला "ओके" एवढंच लिहिलं होतं. पुढचा मेसेज एकोणीस दिवसांनी आला, त्यात "राणी" होतं आणि झेरॉक्सचं काम होतं.

तिच्याशी माझं भांडण नाही. तिनं काम सांगितलं तर जमेल तेव्हा करते, आणि नमस्कार-चमत्काराशिवाय सरळ सांग म्हणते. पैऱ्यासारखं.

दुसरीचा परवा फोन आला. बस संकेश्वरला थांबलेली, ड्रायव्हर चहाला गेलेला. "काय नाही गं, कंटाळा आलाय, काहीतरी बोल," म्हणाली. बस सुटेपर्यंत आम्ही मेसच्या आमटीवरच बोललो.