एकच कुर्ता डोंबिवलीत संपतो आणि ठाण्यात पडून राहतो, दुकानं हे ओळखतात कसं?

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जी गर्दी होते, तिचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. आख्खी तरुण पब्लिक नवे कपडे घालून रस्त्यावर. कपड्यांच्या दुकानदाराच्या दृष्टीने ती पहाट म्हणजे शेवटची तारीख असते. त्या पहाटेपर्यंत जो कुर्ता विकला गेला तो गेला. जो राहिला तो जानेवारीच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीच्या स्टँडवर लटकतो.

आता गंमत अशी की दिवाळीनंतर मोठ्या साखळी दुकानांचा हिशेब मांडला, की बरेचदा एक चित्र दिसतं. डोंबिवलीच्या दुकानातून गिऱ्हाईक "एम साइज नाही" ऐकून परत गेलेलं असतं आणि त्याच कंपनीच्या ठाण्याच्या दुकानात तोच कुर्ता, तोच एम साइज घडी घालून पडलेला असतो. मधलं अंतर ट्रेनने अर्धा तास. मग माल हलवला का नाही? कारण हलवायचा की नाही, हे ज्या दोन आकड्यांवरून ठरतं ते आकडे चुकीचे वाचले गेले. या दोन आकड्यांची नावं आहेत सेल-थ्रू आणि वीक्स ऑफ सप्लाय. फॅशनच्या धंद्यात दर सोमवारी सकाळी हे आकडे उघडून बसणारी माणसं असतात.

सेल-थ्रू म्हणजे आलेल्या मालापैकी किती टक्के विकला गेला. 120 पीस आले आणि 50 विकले, तर सेल-थ्रू 42 टक्के. वीक्स ऑफ सप्लाय म्हणजे उरलेला माल अजून किती आठवडे पुरेल. 70 पीस उरलेत आणि आठवड्याला 23 जातात, तर साधारण 3 आठवडे.

```
सेल-थ्रू = विकलेले पीस ÷ आलेले पीस × 100
वीक्स ऑफ सप्लाय = उरलेले पीस ÷ एका आठवड्याची विक्री
```

गणित पाचवीचं आहे. पहिला आकडा मागे बघतो, दुसरा पुढे. लोच्या होतो तो दुसऱ्यात, कारण तो पुढे बघतोय असं वाटतं, पण भागाकार मात्र मागच्या आठवड्याने केलेला असतो.

हे एका उदाहरणाने बघू. उदाहरण काल्पनिक आहे, कॅलेंडर मात्र 2025 चं खरं आहे. समजा एका कंपनीने 799 रुपयांचा कुर्ता 8 सप्टेंबरच्या सोमवारी ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या दुकानात लावला. दोन्हीकडे 120 पीस. पहिल्या आठवड्यात ठाण्यात 6 गेले, डोंबिवलीत 4. डोंबिवलीत 116 उरले, भागिले 4, म्हणजे वीक्स ऑफ सप्लाय 29. पुढच्या एप्रिलपर्यंत पुरेल एवढा माल! एखाद्या नवख्या मॅनेजरने हा आकडा पाहिला तर तो लगेच 20 टक्के सूट लावून मोकळा होईल.

पण 8 सप्टेंबरला पितृपक्ष सुरू झाला होता आणि तो 21 तारखेपर्यंत चालला. आपल्याकडे कितीतरी घरांत पितृपक्षात नवे कपडे घेत नाहीत. म्हणजे कुर्ता वाईट नव्हता, आठवडा वाईट होता. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दुकानातले बाकीचे कुर्ते बघणं. सगळेच थंड असतील तर दोष कॅलेंडरचा, हा एकटाच थंड असेल तर दोष कुर्त्याचा.

22 सप्टेंबरला नवरात्र बसलं आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दरही लागू झाले. त्याआधी 1,000 रुपयांवरच्या कपड्यांवर 12 टक्के कर होता, तो 2,500 पर्यंतच्या कपड्यांसाठी 5 टक्के झाला. आपल्या 799 च्या कुर्त्याला याने फरक पडला नाही, त्यावर आधीही 5 टक्केच होते. पण शेजारच्या 1,500 च्या कुर्त्यासाठी लोक थांबले असतील, तर त्या आठवड्यातली त्याची उडी काही प्रमाणात आधीच्या आठवड्यातून उधार आणलेली असणार. ती उडी बघून ऑर्डर वाढवणं धोक्याचं.

आता 6 ऑक्टोबरच्या सोमवारवर येऊ. दसरा झालाय, दिवाळीला बरोबर दोन आठवडे आहेत. आपल्या उदाहरणात ठाण्याने 40 पीस विकलेत, त्यातले 15 गेल्या आठवड्यात. उरले 80. डोंबिवलीने 50 विकलेत, गेल्या आठवड्यात 23. उरले 70. सेल-थ्रू ठाण्यात 33 टक्के, डोंबिवलीत 42. वीक्स ऑफ सप्लाय ठाण्यात सव्वापाच आठवडे, डोंबिवलीत 3.

वरवर पाहिलं तर सगळं ठीक वाटतं. डोंबिवलीत 3 आठवड्यांचा माल आहे आणि दिवाळी 2 आठवड्यांवर आहे. म्हणजे पुरेल, नाही का?

नाही पुरणार. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे दसऱ्याच्या आठवड्यासारखे नसतात. पगार आणि बोनस हातात आलेला असतो. म्हणून जाणते लोक मागच्या आठवड्याने भागत नाहीत. ते गेल्या वर्षीचे हेच दोन आठवडे काढतात, तेव्हा विक्री किती पटीने वाढली होती ते बघतात आणि येणाऱ्या आठवड्यांचा अंदाज मांडून उरलेला माल त्यातून वजा करत जातात. गेल्या वर्षीची तारीख मात्र जशीच्या तशी घेऊन चालत नाही. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केली की घोळ झालाच. तुलना "दिवाळीच्या दोन आठवडे आधी" अशीच करावी लागते.

समजा या हिशेबाने डोंबिवलीत पुढचे दोन आठवडे 40 आणि 60 पीस जातील, म्हणजे 100 लागतील. आहेत 70. ठाण्यात 18 आणि 24, म्हणजे 42 लागतील. आहेत 80. एकीकडे 30 कमी, दुसरीकडे 38 जास्त. आता टेम्पो लावायचा का?

थांबा, आधी साइज बघायचे. गेल्या आठवड्यात डोंबिवलीत गेलेल्या 23 पैकी 16 फक्त एम आणि एल होते. उरलेल्या 70 मध्ये एम आणि एल मिळून 29 च आहेत. बाकीचे 41 हे एस, एक्सएल आणि डबल एक्सएल. म्हणजे "3 आठवड्यांचा माल" हा आकडा ज्या साइजना गिऱ्हाईक कमी आहे त्यांच्या जोरावर उभा आहे. खप याच प्रमाणात राहिला तर दोन आठवड्यांत एम आणि एलचे 70 पीस लागतील. 29 तर पहिल्याच शनिवार-रविवारच्या आसपास संपतील. यालाच दुकानात कट साइज म्हणतात. रॅक भरलेला दिसतो, पण मागितलेला साइज मिळत नाही.

या सगळ्यातला सगळ्यात फसवा भाग पुढे आहे. एम आणि एल संपले की विक्री आपोआप मंदावते. विक्री मंदावली की भागाकारात खालचा आकडा लहान होतो आणि वीक्स ऑफ सप्लाय वाढतो. म्हणजे माल संपल्यामुळे आलेली मंदी कागदावर "या कुर्त्याला मागणी नाही" अशी दिसते. ज्या दुकानाला माल पाठवायला हवा त्याच दुकानाला सूट लावायचा आदेश निघतो. त्यामुळे हे आकडे साइजनिशी काढल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठाण्याचं चित्र उलटं आहे. तिथल्या 80 मध्ये एम आणि एल मिळून 45 आहेत आणि दोन आठवड्यांत त्यातले साधारण 20 लागतील. म्हणजे 24 पीस उचलून डोंबिवलीला देता येतात. 38 नाही, 24, आणि तेही मंगळवार-बुधवारपर्यंत पोचले तर. शनिवारी पोचलेला माल रविवारी घडीतच असतो. यातून डोंबिवलीची पूर्ण गरज भागत नाही, पण अंदाज बरोबर ठरला तर 24 कुर्ते पूर्ण किमतीला जातात. नाहीतर ते ठाण्यात राहून जानेवारीत 399 ला निघाले असते. फरक 9,600 रुपये, एका डिझाइनचा, दोन दुकानांत. साखळी दुकानात अशी शेकडो डिझाइन असतात.

मोठ्या कंपन्याही यात अडकतात. 2018 च्या मार्चमध्ये एचअँडएमकडे जगभरात मिळून सुमारे 4.3 अब्ज डॉलरचा न विकलेला माल असल्याची बातमी गाजली होती. साठवायची जागा हा तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न असतो तो काही महिने आधी दिलेल्या ऑर्डरचा. एकदा माल शिवून झाला की सोमवारचा रिपोर्ट फार तर तो इकडून तिकडे हलवू शकतो.

इथे कल्याण-डोंबिवलीतल्या छोट्या दुकानदाराचं एक बरं आहे. उल्हासनगरचं होलसेल मार्केट त्याच्या बाजूला आहे. साखळी दुकानाला नवा माल यायला महिने लागतात, हा सकाळी जाऊन संध्याकाळी माल आणू शकतो. त्यामुळे त्याला 8 आठवड्यांचा साठा धरून बसायची गरज नसते, 2 आठवड्यांचाही पुरतो. अडचण एवढीच की होलसेलवाला बहुतेक वेळा पूर्ण सेटच देतो. एम हवा म्हणून सेट आणला की एस आणि डबल एक्सएल सोबत येतातच. दर आठवड्याला सेट आणत गेलं तर चार आठवड्यांनी दुकानात फक्त न खपणारे साइज साठतात आणि पैसे त्यात अडकतात. वहीत एकूण पीसऐवजी साइजनिशी पाच रकाने आखले, तर हे दुसऱ्या आठवड्यातच दिसतं.

सेल-थ्रूबद्दल एक गोष्ट राहिली. "आमचा सेल-थ्रू 90 टक्के" असं कुणी सांगितलं, तर त्यातला पूर्ण किमतीला किती गेला ते विचारा. अर्ध्या किमतीत 90 टक्के माल कुणाचाही जातो. दुसरं विचारायचं ते म्हणजे भागाकारात कुठला माल धरला. दुकानात आलेला, की भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पडलेला धरून? दुकानात 120 येऊन 100 विकले तर 83 टक्के. गोडाऊनमध्ये अजून 80 असतील, तर तोच आकडा 50 टक्क्यांवर येतो.

आणि दिवाळीनंतरचा सोमवार. समजा दुसऱ्या एका कुर्त्याचे दिवाळीच्या आठवड्यात 60 पीस गेले आणि 60 उरले. रिपोर्ट सांगेल, एकाच आठवड्याचा माल आहे, रिपीट ऑर्डर द्या. पण पुढच्या आठवड्यात या कुर्त्याचे 5 च जाणार असतील, तर तोच साठा 12 आठवड्यांचा आहे, आणि 12 आठवड्यांनी जानेवारीचा सेल सुरू असतो.