फेस्टची शीट नेमकी कुणाची?

फेस्टचा सीझन आला की पब्लिसिटी टीममधला एक जण तरी म्हणतोच, ‘अरे, मागच्या वर्षीची रजिस्ट्रेशनची शीट आहे ना? टाक ती इन्स्टाच्या अ‍ॅड्समध्ये!’ समजा, त्या शीटमध्ये १,८०० ईमेल आहेत. मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ती अपलोड केली की त्याच लोकांना जाहिरात दाखवणारा ‘कस्टम ऑडियन्स’ बनतो. त्यावरून त्यांच्यासारख्याच वागणाऱ्या नव्या लोकांचा ‘लुकअलाइक’ बनवता येतो. दहा मिनिटांचं काम. माझं म्हणणं एवढंच की हे काम जरूर करा, पण ती १,८०० जणांची शीट घेऊन नको.

अपलोड करताना काय होतं बघा. प्रत्येक ईमेलमधल्या मोकळ्या जागा काढतात, सगळी अक्षरं स्मॉल करतात आणि SHA-256 नावाच्या गणिती प्रक्रियेतून त्याची ६४ चिन्हांची एक ओळ बनवतात. हाच ‘हॅश’. मेटाकडे स्वतःच्या युजर्सचे ईमेल असतातच. त्यांचेही असेच हॅश करून दोन्ही याद्या जुळवल्या जातात. नेमकं कोण जुळलं हे आपल्याला दिसत नाही. सगळे तर कधीच जुळत नाहीत, कारण इन्स्टाचं अकाउंट मोबाइल नंबरवर काढलेलं असतं आणि फॉर्ममध्ये कॉलेजचा आयडी दिलेला असतो.

इथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘हॅश होतं ना सगळं, मग प्रायव्हसीचं टेन्शन कशाला?’ अहो, पण एका ईमेलचा हॅश कुठेही काढला तरी तोच येतो, म्हणून तर जुळणी होते! जो माणूस ओळखता येतो, तो निनावी कसा? मोबाइल नंबरचं तर आणखी सोपं. आपल्याकडचे सगळे शक्य दहा आकडी नंबर एकेक करून हॅश करत जायचं म्हटलं, तरी साधा लॅपटॉप काही तासांत उरकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलं की हॅश केला म्हणून डेटा निनावी होत नाही. त्याआधी जर्मनीत, बव्हेरिया राज्यात, एका ऑनलाइन दुकानाने ग्राहकांचे ईमेल असेच फेसबुकला दिले होते. तिथल्या डेटा संरक्षण कार्यालयाने ती यादी काढून टाकायला लावली. दुकान कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये दोन्ही पायऱ्यांवर हरलं. मुद्दा हाच होता की ग्राहकांची संमती घेतलेली नव्हती.

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती ठरावीक कामापुरतीच धरतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. डान्स स्पर्धेसाठी दिलेला ईमेल हा डान्स स्पर्धेसाठीच. शिवाय अकरावी-बारावीची मुलंही फेस्टला नाव नोंदवतात. कायद्याच्या लेखी १८ खालचं कुणीही ‘मूल’ आहे आणि मुलांना टार्गेट करून जाहिरात करायला त्यात मनाई आहे. आपल्या शीटमध्ये वयाचा कॉलम असतो का? बहुतेक वेळा नसतोच.

मग करायचं काय? यंदाच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारा आणि खाली एक वेगळा चौकोन ठेवा, आधीपासून टिक न केलेला: ‘पुढच्या फेस्टची जाहिरात दाखवण्यासाठी माझा ईमेल इन्स्टाग्राम-फेसबुकला द्यायला हरकत नाही.’ १,८०० पैकी ३०० सज्ञान जणांनी टिक केलं, तर अपलोड करायची यादी तेवढीच. आणि टिक केलं नाही म्हणून कुणाचं रजिस्ट्रेशन अडवायचं नाही.

‘एवढ्याशा लिस्टवर लुकअलाइक कसा बनेल?’ बनतो. मेटाला एका देशातले किमान १०० जुळलेले लोक लागतात. ३०० पैकी निम्मे जुळले तरी भागतं. हजार ते पाच हजारांची यादी चांगली, असं मेटा सांगते, हे खरं. पण नुसता फॉर्म भरून गायब झालेले पंधराशे जण त्यात घातले, तर मशीन गायब होणाऱ्यांसारखेच लोक शोधणार!

खरी अडचण वेगळीच आहे. लुकअलाइकचं माप देशाच्या टक्क्यात असतं, १ ते १०. भारताचा १ टक्का म्हणजे लाखो लोक, गुवाहाटीपासून कोचीपर्यंत पसरलेले. आपल्याला हवेत पुण्यातले. त्यामुळे वरून शहराची आणि वयाची चाळणी लावावीच लागते, आणि ती लावल्यावर उरणारा गट पाहिला की वाटतं, नुसतं ‘पुणे, १८ ते २२’ एवढं निवडलं असतं तरी फार फरक पडला नसता. छोट्या बजेटमध्ये आधी हजार-हजार रुपये दोन्हीकडे लावून बघा आणि कुठून जास्त तिकिटं विकली जातायत ते मोजा. साधी निवड बरोबरीत आली, तर कुणाचाच ईमेल कुठे पाठवायची गरज नाही.

आणि हो, फेस्ट संपल्यावर ती शीट पुढच्या कमिटीच्या किंवा स्पॉन्सरच्या ड्राइव्हवर जाते ना, ते आधी थांबवा. कुणी ‘माझं नाव काढा’ म्हणालं, तर शीटमधून आणि अ‍ॅड्स मॅनेजरमधल्या ऑडियन्समधून, दोन्हीकडून काढा. दुसरं काम हमखास राहून जातं.