एक फळा, दोन इयत्ता, ४० मिनिटे

बँकेत एकाच खिडकीवर दोन रांगा लागल्या की एक गोष्ट लवकर उमगते. खिडकीतल्या माणसाने हात कितीही भराभर चालवला तरी दुसरी रांग थांबायची ती थांबतेच. प्रश्न असतो तो त्या थांबलेल्या रांगेने तेवढ्या वेळात काय करायचे हा. आपल्या जिल्हा परिषदेच्या हजारो द्विशिक्षकी शाळांपुढे रोज हाच प्रश्न असतो. पहिली ते चौथी चार इयत्ता, शिक्षक दोन. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन वर्ग एकाच खोलीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरले आहेत. तेव्हा ही तात्पुरती अडचण समजून चालणार नाही.

निवृत्तीनंतर अशा काही शाळांत मी मागच्या बाकावर बसून आलो. टाचणवह्याही चाळल्या. त्यांत तिसरीचे टाचण एका पानावर आणि चौथीचे दुसऱ्या पानावर असते. दोन्ही सुरेख अक्षरात आणि दोन्ही ४० मिनिटांची! गुरुजी मात्र एकच. म्हणून माझे म्हणणे असे, की जोडवर्गाचे टाचण एकाच पानावर दोन रकाने आखून लिहावे, आणि आधी भरावा तो गुरुजी ज्या वर्गापाशी नसतील त्याचा रकाना.

गणिताचा एक तास घेऊन पाहू. पहिली ५ मिनिटे दोन्ही वर्गांना मिळून बाजारहाटाचे एक तोंडी उदाहरण. पुढच्या २ मिनिटांत चौथीला काम द्यायचे. आधी चौथीलाच, कारण ती कामाला लागल्याशिवाय तिसरीकडे वळता येत नाही. काम कोणते? गेल्या आठवड्यात शिकवलेले गुणाकार, २४ गुणिले १३ सारखे. मूल एका गुणाकाराला साधारण दोन मिनिटे घेते, म्हणजे १२ मिनिटांना सहा गुणाकार पुरतात; पण द्यायचे आठ. उत्तरे पुठ्ठ्यावर लिहून खिडकीत ठेवायची, म्हणजे मुले आपले आपण ताडून पाहतात.

आता १२ मिनिटे तिसरीची. ३४२ मधून १२७ वजा करायचे आहेत. खेळातल्या नोटा हातात द्याव्यात : शंभराच्या तीन, दहाच्या चार, आणि एक रुपयाची दोन नाणी. सात सुटे हवेत, आहेत दोन. मग दहाची एक नोट मोडायची. सुटे बारा झाले. त्यांतून सात गेले, उरले पाच. दहाच्या तीनांतून दोन गेल्या, उरली एक. शंभराच्या तीनांतून एक गेली, उरल्या दोन. उत्तर २१५. हातचा म्हणजे मोड, हे मुलाला पटते. त्यानंतर २ मिनिटांत तिसरीला जोडीजोडीने सहा वजाबाक्या द्याव्यात, पहिल्या दोन बिनहातच्याच्या, म्हणजे गाडी पहिल्याच चढावर अडत नाही. मग १२ मिनिटे चौथीला नवा भागाकार, ९६ भागिले ४. उरलेली ७ मिनिटे वह्या पाहायला. झाली ४० मिनिटे.

घडी कुठे विस्कटते तेही वह्याच सांगतात. चौथीतल्या बऱ्याच जणांनी दोन गुणाकार करून पुढे पान कोरे सोडले असेल, तर सूचना नीट पोचलेली नाही. सगळ्यांची एकच चूक असेल, तर न शिकवलेला भाग सरावाला दिला गेला. आणि आठव्या मिनिटाला गलका उठून ‘गुरुजी, झालं!’ ऐकू येत असेल, तर काम कमी पडले. पुष्कळदा आपण या गलक्याला बेशिस्त म्हणतो आणि छडीने नाहीतर आवाजाने तो बंद करतो. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच मिनिटाला उठतो.

या हिशेबाला मर्यादा आहेत. पहिलीच्या मुलाला वाचता येत नाही, ते आपले आपण पाच-सात मिनिटांपलीकडे टिकत नाही. तिथे १२ मिनिटांचे तुकडे चालत नाहीत. डाव लहान करावे लागतात आणि मोठ्या वर्गातले एखादे मूल सोबतीला द्यावे लागते. तेही रोज तेच मूल नको, त्याचाही अभ्यास असतो. जोडीदार शिक्षक बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच्या अंगावर येतात. त्या दिवशी नवे काही शिकवू नये, सराव आणि गोष्टींचे वाचन घ्यावे.

हे सगळे धरूनही ४० मिनिटांत एका वर्गाला नवे शिकवणे मिळते ते १२ मिनिटांचे. एकेका वर्गाच्या शाळेसाठी आखलेला अभ्यासक्रम त्यात तसाच्या तसा बसवायचा म्हणजे पायलीचे धान्य अधोलीत ओतणे. म्हणून तपासणीला येणाऱ्या साहेबांनी ‘घटक कुठवर आला?’ असे विचारण्याआधी टाचणाचा दुसरा रकाना पाहावा. आणि आपल्या मुलाच्या वहीत आज गुरुजींची सही नाही अशी तक्रार घेऊन निघालेल्या पालकांनी त्या वहीतले आठ गुणाकार आधी मोजावेत.